७१ टक्के इमारतींना सुट्टी? अळ्यांच्या सर्वेतली शून्यं आणि झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल

पार्श्वभूमी

मुंबईच्या पश्चिम उपनगरातला एक वॉर्ड, आणि तिथे पावसाळ्यात इमारती-इमारतींत फिरून डासांच्या अळ्या शोधणारी एक छोटी संस्था. संस्थेचं आणि वॉर्डाचं नाव सांगत नाही, आकडेही ओळख पटणार नाही इतपत हलवलेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच ठेवलंय, त्यामुळे कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तरी हिशोब जुळेल.

काम साधं आहे. टीममधल्या मुली इमारतीत जातात, जिथे जिथे पाणी साठलंय तिथे टॉर्च मारून बघतात. पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, पत्र्यावर टाकलेली ताडपत्री, जुने टायर. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच छोट्या साठ्यांत अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून तर कोरडा दिवस पाळा म्हणून घसा कोरडा करावा लागतो. प्रत्येक इमारतीसमोर फॉर्मवर एक आकडा लिहिला जातो, किती साठ्यांत अळ्या सापडल्या. सीझनच्या शेवटी १२०० इमारतींच्या १२०० ओळी जमल्या. गच्चीवरच्या टाक्या यात नाहीत, त्यांचा फॉर्म वेगळा, त्याच्याकडे नंतर येऊ.

१२०० पैकी ८७० ओळींमध्ये शून्य. सरासरी दर इमारतीला ०.९ साठे, व्हेरियन्स मात्र ५ च्या वर.

अडचण कुठे आली

संस्थेतली डेटा बघणारी मुलगी, तिला इथे प्राची म्हणू (नाव बदललंय), हुशार आहे, स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी. तिने आधी पॉयसन लावलं, मोजणीच्या आकड्यांसाठीचं सगळ्यात साधं मॉडेल. सरासरी ०.९ असेल तर पॉयसनच्या हिशोबाने शून्य येण्याची शक्यता e^(−0.9), म्हणजे सुमारे ०.४१, म्हणजे १२०० मध्ये ४८८ शून्यं अपेक्षित. मिळाली ८७०. जवळपास चारशे शून्यं जादा. मग तिने तेच केलं जे बहुतेक जण करतात, झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन लावलं.

हे मॉडेल काय म्हणतं ते एकदा नीट सांगतो, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्या अर्थातच आहे. ते म्हणतं की इमारती दोन जातीच्या आहेत. एक जात अशी की तिथे अळ्या सापडूच शकत नाहीत, कितीही वेळा जा, शून्यच. दुसरी जात पॉयसनप्रमाणे वागते, तिथे तीन सापडतील, पाच सापडतील, कधी नशिबाने शून्यही येईल. कुठली इमारत कुठल्या जातीची हे आपल्याला दिसत नाही, फक्त कायम-शून्यवाल्यांचं प्रमाण मॉडेल अंदाजाने काढतं. १९९२ मध्ये डायन लॅम्बर्ट यांनी हे रिग्रेशन मांडलं तेव्हा त्यांच्यासमोर सर्किट बोर्डांवरच्या सोल्डरिंगमधले दोष होते. मशीन कधी अगदी परफेक्ट अवस्थेत असतं, तेव्हा दोष जवळजवळ येतच नाहीत, आणि कधी ते जरा हललेलं असतं, तेव्हा दोष येतात पण दरवेळी नाही. तिथे दोन अवस्था म्हणण्याला कारखान्यात आधार होता.

इथे मॉडेलने उत्तर दिलं की ७१ टक्के इमारती कायम-शून्य जातीच्या, आणि उरलेल्या २९ टक्क्यांत सरासरी ३.१३ साठे. शून्यांची संख्या बरोब्बर ८७० जुळली. प्राचीने दोन मॉडेलांची तुलना करणारी वूंग टेस्ट पण लावली, साध्या पॉयसनपेक्षा झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन चांगलं असा निकाल आला, पी-व्हॅल्यू एकदम बारीक.

आणि मग मीटिंगमध्ये स्लाइड दाखवली गेली. संस्थेच्या मॅडमनी, ज्यांना दरवर्षी कमी पैशात आणि कमी माणसांत काम भागवायचं असतं, ती स्लाइड बघून अगदी सरळ प्रश्न विचारला. "म्हणजे ७१ टक्के बिल्डिंगमध्ये जायचीच गरज नाही ना? पुढच्या वर्षी त्या लिस्टमधून काढू या." मॉडेलचा अर्थ शब्दशः घेतला तर त्या बरोबरच बोलत होत्या. साडेआठशे इमारतींना सुट्टी देण्याचा निर्णय दोन-चार दिवसांवर आला होता, आणि तेव्हा मला बघायला बोलावलं.

समोर असलेले पर्याय

एक, जे आहे ते मान्य करून लिस्ट छोटी करायची. दोन, निगेटिव्ह बायनॉमियल लावायचं, म्हणजे इमारती दोन जातीच्या न मानता सगळ्यांना धोका आहे पण कुणाला कमी कुणाला खूप जास्त असं मानायचं. तीन, झिरो-इन्फ्लेटेड निगेटिव्ह बायनॉमियल, दोन्हीचं मिश्रण. चार, हर्डल मॉडेल, ज्यात सगळी शून्यं एका बाजूला आणि एक-दोन-तीन वगैरे दुसऱ्या बाजूला, पण हर्डल घेतलं की शून्यांचे दोन प्रकार हा प्रश्नच उरत नाही, आणि आमचा तर नेमका तोच प्रश्न होता, म्हणून ते लवकर बाजूला ठेवलं. आणि पाचवा पर्याय, जो कुठल्याच पॅकेजमध्ये नसतो, तो म्हणजे मॉडेल बंद करून फॉर्मचे गठ्ठे बघायचे.

पहिला निर्णय: फक्त शून्यं मोजायची नाहीत

वूंग टेस्टचा निकाल मी बाजूला ठेवायला सांगितला, त्याचं कारण असं. ती टेस्ट एकमेकांत न बसणाऱ्या मॉडेलांसाठी आहे, आणि झिरो-इन्फ्लेशन आहे की नाही हे ठरवायला ती वापरणं चूक आहे हे पॉल विल्सन यांनी २०१५ मध्ये दाखवलंय, तरी लोक सर्रास वापरतात. त्याहून साधी गोष्ट म्हणजे तुलना कुणाशी केली? पॉयसनशी. पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स सारखे असावे लागतात, इथे ०.९ आणि ५. अशा पॉयसनला कुणीही हरवेल, त्यात मर्दुमकी काय.

म्हणून आम्ही एक तक्ता केला, ज्यात शून्याबरोबर 'एक' आणि 'दहा किंवा जास्त' हे पण मोजले.

| | ० साठे | १ साठा | १० किंवा जास्त |
|---|---|---|---|
| प्रत्यक्ष | ८७० | १२८ | २० |
| पॉयसन | ४८८ | ४३९ | ० |
| झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन | ८७० | ४७ | १ पेक्षा कमी |
| निगेटिव्ह बायनॉमियल | ८६८ | १३१ | १९ |

शून्याच्या रकान्यात झिरो-इन्फ्लेटेड पॉयसन पैकीच्या पैकी मार्क घेतं, पण कोव्हेरिएट नसताना ते घेणारच, त्याला त्याच कामासाठी एक वेगळा पॅरामीटर दिलाय. शेजारच्या रकान्यात बघा. ज्या इमारतींत नेमका एकच साठा सापडला अशा १२८ होत्या, मॉडेल म्हणतं ४७ हव्यात. आणि दहा किंवा जास्त साठे असलेल्या २० इमारती, ज्या बहुतेक बांधकाम साइट आणि टायरवाले होते, मॉडेलच्या मते एकही नको. म्हणजे शून्यं जुळवण्यासाठी बाकी सगळा आकार मोडला. उलट निगेटिव्ह बायनॉमियलकडे शून्यासाठी काहीच खास सोय नाही, फक्त पसरटपणाचा एक पॅरामीटर, आणि तरी तिन्ही रकान्यांत ते दोन-तीनच्या फरकाने बसतंय.

प्राचीचा प्रश्न रास्त होता, "सर, पण शून्यं तर चारशे जादा होती ना, ती गेली कुठे?" ती जादा फक्त पॉयसनच्या तुलनेत होती. इमारतींचा धोका एकमेकांपेक्षा खूप वेगळा असला, की बऱ्याच इमारतींची अपेक्षित संख्या ०.१, ०.२ अशी असते आणि थोड्यांची आठ-दहा, सरासरी मात्र ०.९ निघते. ०.१ वाल्या इमारतीत दहातल्या नऊ वेळा शून्यच येणार. ती काही सुरक्षित नाही, फक्त त्या फेरीत तिचा नंबर लागला नाही. ढीगभर शून्यं यायला कायम-शून्य नावाची जात लागत नाही, नुसती विषमता पुरते. निर्णयाच्या बाजूने बघितलं तर दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, एक मॉडेल म्हणतं या इमारतीत कधीच जाऊ नका, दुसरं म्हणतं अजून एकदा जा, सापडेल कदाचित.

दुसरा निर्णय: फॉर्मचे गठ्ठे उघडायचे

आता निगेटिव्ह बायनॉमियल इतकं छान बसतंय म्हटल्यावर तिथेच थांबायचा मोह होतो. आम्ही थांबलो नाही, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग हाच, जरी यात गणित जवळपास नाहीये.

फील्ड सुपरवायझर, ज्यांना टीममधल्या सगळ्या मुली दादा म्हणतात, त्यांना समोर बसवलं आणि विचारलं की शून्य कधी कधी लिहिता. ते म्हणाले, "अळी नाही मिळाली की शून्य." बरं, आणि बंद असेल तर? "मग शेऱ्यात 'बंद' लिहितो आणि आकड्यात शून्य, नाहीतर अ‍ॅप पुढे जाऊच देत नाही."

झालं. शेऱ्याचा रकाना एक्सेलमध्ये आलाच नव्हता. कागदी प्रती आणि अ‍ॅपचे शेरे चाळल्यावर ९० ओळी अशा निघाल्या जिथे आत कुणी गेलंच नव्हतं, कुलूप होतं, वॉचमनने सोडलं नाही, सेक्रेटरी म्हणाले उद्या या. हे शून्य नाही, ही माहितीच नाही. आणि झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल अशा ओळींना मोठ्या आनंदाने 'कायम सुरक्षित' डब्यात टाकतं. बंद इमारतींत माणसं नसतात, पाणी कुणी ओतत नाही, म्हणजे उलट तिथेच धोका जास्त असू शकतो.

पुढे १४० ओळी निघाल्या गाळ्यांच्या. नुसते गाळे, आत नळ नाही, मोरी नाही, फॉर्मवर 'तपासलेले साठे' या रकान्यात शून्य. जिथे पाणीच नाही तिथे अळी कुठून येणार. ही मात्र खरीखुरी कायम-शून्यं, पण गंमत अशी की ती लपलेली नाहीत, फॉर्मवर सरळ दिसतायत. जी गोष्ट दिसते तिचा अंदाज लावायला मॉडेलमध्ये लपलेला गट कशाला ठेवायचा? त्या ओळी विश्लेषणातून बाजूला काढायच्या आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं की इतक्या ठिकाणी साठाच नव्हता.

या ओळी प्राचीला दिसल्या नव्हत्या कारण तिने ऑफसेट घातलाच नव्हता. एका चाळीत ६० साठे तपासले आणि एका बंगल्यात ४, तर दोन्हीकडच्या आकड्याची तुलना तपासलेल्या साठ्यांच्या प्रमाणात व्हायला हवी, त्यासाठी साठ्यांच्या संख्येचा लॉग ऑफसेट म्हणून जातो. शून्य साठ्यांचा लॉग निघत नाही, प्रोग्राम तिथेच अडतो, आणि मग लोक काय करतात तर एक मिळवून लॉग घेतात आणि पुढे जातात. तो अडथळा खरं तर डेटा तुम्हाला ओरडून सांगत असतो की या ओळी इथल्या नाहीत. एक मिळवला की आवाज बंद.

तिसरा निर्णय: जादा भाग ठेवायचा की नाही

९० आणि १४० काढल्यावर ९७० इमारती उरल्या, त्यात ६४० शून्यं. आता इमारतीचा प्रकार (चाळ, सोसायटी, बंगला, बांधकाम साइट) आणि ऑफसेट घालून दोन मॉडेल समोरासमोर ठेवली.

```r
library(MASS); library(pscl)
m_nb   <- glm.nb(sapadle ~ prakar + offset(log(tapasle)), data = d)
m_zinb <- zeroinfl(sapadle ~ prakar + offset(log(tapasle)) | 1,
                   dist = "negbin", data = d)
sum(dnbinom(0, mu = fitted(m_nb), size = m_nb$theta))
AIC(m_nb, m_zinb)
```

यात त्या उभ्या रेघेनंतरच्या 1 कडे लक्ष द्या. ती रेघ दिलीच नाही तर `zeroinfl` सगळी व्हेरिएबल दोन्ही भागांत घालतं, आणि ऑफसेटसुद्धा शून्याच्या भागात जातो, जिथे त्याला काही अर्थ नाही. प्राचीच्या आधीच्या कोडमध्ये रेघ नव्हती, म्हणून तिच्या आउटपुटमध्ये चाळीचे दोन-दोन कोइफिशियंट होते, आणि शून्याच्या भागातल्या पॉझिटिव्ह चिन्हाचा अर्थ स्लाइडवर 'अळ्या जास्त' असा लिहिला गेला होता. तिथे पॉझिटिव्ह म्हणजे कायम-शून्य असण्याची शक्यता जास्त, म्हणजे बरोबर उलटं. आउटपुटचा वरचा आणि खालचा भाग उलट दिशेने वाचायचा असतो हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

निकाल असा आला. निगेटिव्ह बायनॉमियलच्या हिशोबाने ६३३ शून्यं अपेक्षित, मिळाली ६४०. सातचा फरक, नऊशे सत्तरमध्ये. जादा भाग घातल्यावर लॉग-लाइकलिहूड फक्त ०.३ ने सुधारलं, एआयसी, जो कमी तितका बरा, उलट १.४ ने वाढला. शून्याच्या भागाचा इंटरसेप्ट −३.१, म्हणजे कायम-शून्यवाले साधारण ४ टक्के, पण स्टँडर्ड एरर १.९, म्हणजे ते प्रमाण जवळजवळ काहीच नसेल किंवा दोनअंकीही असेल, डेटाला माहीत नाही. (प्रमाण शून्य असणं ही सीमेवरची गोष्ट असल्यामुळे लाइकलिहूड रेशोची नेहमीची पी-व्हॅल्यू अर्धी घ्यावी लागते. अर्धी करूनही ०.२२ आली.)

आणि यंत्रणेच्या बाजूने विचार केला तर? गाळे काढल्यावर ज्या इमारती उरल्या त्या प्रत्येकीत किमान एक उघडा साठा तपासलेला होता. अशा ठिकाणी अळी होऊच शकत नाही असं म्हणायला दादांनाही काही कारण सुचेना. डेटा मागत नाही, कारणही नाही, मग जादा भाग काढून टाकला.

एक गोष्ट इथे विसरायची नाही. सुरुवातीच्या १२०० ओळींवरसुद्धा निगेटिव्ह बायनॉमियल झकास बसत होतं, आणि त्या ओळींत तर ९० खोटी शून्यं आणि १४० खरी कायम-शून्यं होती हे आता आपल्याला माहीत आहे. म्हणजे मॉडेल चांगलं बसलं म्हणून वेगळी जात नाही असं सिद्ध होत नाही, आणि झिरो-इन्फ्लेटेड बसलं म्हणून जात आहे असंही नाही. सरासरी एकच्या आसपास असेल तेव्हा हे दोन प्रकार आकड्यांवरून वेगळे करणं बऱ्याचदा अवघड जातं.

जिथे जादा भाग लागलाच

आता गच्चीवरच्या टाक्या. मुंबईत मलेरियाचा मुख्य वाहक अ‍ॅनाफिलिस स्टीफेन्सी, आणि त्याला ओव्हरहेड टाक्या फार आवडतात, म्हणून त्यांचा फॉर्म वेगळा. ४०० इमारती, प्रत्येकीसाठी सीझनभराच्या फेऱ्यांत मिळून किती वेळा टाकीत अळी सापडली तो आकडा. सरासरी १.२, शून्यं २५६. पहिल्या डेटासारखंच वाटतं ना? प्राची म्हणाली, आता अनुभवाने शहाणी झालेली, "इथे पण नुसतं निगेटिव्ह बायनॉमियलच पुरेल."

मग तसाच तक्ता केला, यावेळी ० ते ४ पर्यंत.

| | ० | १ | २ | ३ | ४ |
|---|---|---|---|---|---|
| प्रत्यक्ष | २५६ | २७ | ३४ | २९ | २० |
| निगेटिव्ह बायनॉमियल | २५० | ५८ | ३० | १८ | १२ |
| झिरो-इन्फ्लेटेड निगेटिव्ह बायनॉमियल | २५६ | २९ | ३२ | २८ | २१ |

शून्याचा रकाना बघून काहीच कळत नाही, २५० आणि २५६, ठीकच आहे म्हणाल. पण 'एक' बघा. निगेटिव्ह बायनॉमियल म्हणतं ५८, आहेत २७. शून्यावर मोठा ढीग, एकवर खड्डा, मग दोन-तीनवर परत उंचवटा. इतकी शून्यं मिळवायची तर निगेटिव्ह बायनॉमियलला खूप पसरट व्हावं लागतं, आणि तितकं पसरट झालं की आकडे शून्यापासून घसरतच जातात, मध्ये परत चढू शकत नाहीत. हा आकार एका ढिगातून येत नाही, दोन लागतात. इथे एआयसी तीसच्या आसपास खाली आला, सगळ्या अंदाजांचे स्टँडर्ड एररही सुटसुटीत होते, आणि कायम-शून्यवाल्यांचं प्रमाण आलं ६० टक्के. उरलेल्यांत सरासरी तीन वेळा अळी.

पण आकडा आला म्हणून लगेच मान्य केलं नाही, दादांना विचारलं की असं काय असू शकतं की एखाद्या टाकीत कधीच अळी होणार नाही. ते क्षणभरही थांबले नाहीत. "झाकण. झाकण घट्ट असलं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी असली की डास आत जाणार कुठून? आणि झाकण तुटलेलं असलं की सोसायटी मीटिंग होईपर्यंत तीन फेऱ्या तरी सापडतंच." एका वाक्यात दोन्ही ढीग समजावले त्यांनी, शून्यावरचा पण आणि तीनवरचा पण. फॉर्मवर झाकणाचा रकाना मात्र नव्हता. म्हणजे इथे कायम-शून्य जात खरंच होती आणि डेटात ती खरंच लपलेली होती, झिरो-इन्फ्लेटेड मॉडेल ज्या परिस्थितीसाठी आहे ती हीच.

मॉडेलच्या मते शून्य आलेल्या इमारतींपैकी सुमारे ९४ टक्के खऱ्या कायम-शून्य (०.६० भागिले ०.६४), उरलेल्या नशिबाने शून्य. तपासायला शून्यवाल्यांतल्या ३० इमारती चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि मुली परत गच्चीवर चढल्या. २६ ठिकाणी झाकण घट्ट आणि जाळी शाबूत, ४ ठिकाणी फट. मॉडेलच्या हिशोबाने अशा दोनच निघायला हव्या होत्या, चार निघाल्या, इतका फरक ३० च्या नमुन्यात होतो. अळी सापडलेल्या १० इमारतीही बघितल्या, त्यातल्या ९ मध्ये झाकण तुटकं किंवा ताडपत्री टाकून भागवलेलं.

काय झालं

साडेआठशे इमारतींना सुट्टी द्यायचा बेत रद्द झाला. मॅडम सुरुवातीला नाराज होत्या, कारण माणसं वाढणार नव्हती आणि लिस्ट तेवढीच राहिली, पण निगेटिव्ह बायनॉमियलच्या अंदाजावरून बांधकाम साइट आणि जुन्या चाळींच्या फेऱ्या वाढवून बंगले आणि नव्या सोसायट्यांच्या कमी केल्या, बंद कुणाच्याच नाही. ते १४० गाळे सोडले, तेही वर्षातून एकदा नळ आलाय का बघायच्या बोलीवर.

बंद असलेल्या ९० ठिकाणी पुढच्या सीझनमध्ये संध्याकाळी आणि रविवारी जाऊन बघितलं. ६० उघडी मिळाली, त्यातल्या २२ मध्ये अळ्या. म्हणजे ३७ टक्के, आणि आधीच्या ९७० मध्ये प्रमाण ३४ टक्के होतं. कायम सुरक्षित म्हणून जी यादी निघाली होती तिच्यात या सगळ्या होत्या.

टाक्यांच्या फॉर्मवर झाकणाचा आणि जाळीचा रकाना आला. पुढच्या सीझनचा डेटा घेऊन ते दोन रकाने मॉडेलमध्ये घातल्यावर झिरो-इन्फ्लेटेड भागाचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलं आणि साधं निगेटिव्ह बायनॉमियल परत पुरेसं ठरलं. लपलेली गोष्ट दिसायला लागली की तिच्यासाठी ठेवलेली जागा रिकामी होते, हे अपेक्षितच होतं, तरी प्रत्यक्ष बघताना बरं वाटलं. घट्ट झाकणवाल्या टाक्यांच्या फेऱ्या कमी केल्या, पण बंद नाही केल्या, कारण झाकण आज घट्ट आहे म्हणून पुढच्या जूनमध्ये असेलच असं नाही, प्लंबर वर जाऊन आला की ते अर्धवट ठेवलेलं असतंच.

वेगळं काय करता आलं असतं

अ‍ॅप बनवतानाच 'आत गेलो नाही', 'साठाच नाही' आणि 'तपासलं, सापडलं नाही' हे तीन वेगळे पर्याय द्यायला हवे होते. तिन्हींना एकच शून्य दिल्यावर मागून कुठलंही मॉडेल त्यांना नीट वेगळं करू शकत नाही, आमच्याकडे कागद होते म्हणून निभावलं.

दुसरं, कायम-शून्य कोण असू शकतं हे दादांना मॉडेल लावायच्या आधी विचारायला हवं होतं आणि लिहून ठेवायला हवं होतं. टाक्यांच्या वेळी आम्ही आकडा बघून मग कारण शोधलं, आणि असं केलं की कुणीतरी काहीतरी कारण देतंच. गच्चीवर जाऊन झाकणं बघितली म्हणून त्यावर भरवसा ठेवला, नुसत्या त्यांच्या सांगण्यावर ठेवला नसता.

तिसरं थोडं वादाचं आहे. टाक्यांचे आकडे सीझनभराचे एकत्र न करता फेरीनुसार वेगळे ठेवायला हवे होते असं मला वाटतं. एकाच इमारतीच्या बऱ्याच फेऱ्या समोर असल्या तर सगळ्या फेऱ्यांत शून्य आणि एखाद्या फेरीत शून्य यातला फरक सरळ दिसतो, लपलेला गट ओळखायला एका बेरजेपेक्षा ते कितीतरी भक्कम. प्राचीचं म्हणणं असं की मग प्रत्येक इमारतीचा रँडम इफेक्ट घालावा लागेल, ४०० इमारतींत ते मॉडेल नीट बसेलच याची खात्री नाही, आणि मॅडमना समजावणं अजून कठीण. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. सध्या फेरीनुसार डेटा साठवायला तरी सुरुवात झालीये, एकत्र नंतर कधीही करता येतो.

आणि वूंग टेस्टची ती ओळ प्राचीच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये अजून आहे, पुढे हॅश लावून.